नातवाच्या भेटीचा अर्ज

फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका आईची याचिका सुनावणीला आली. तिचा पहिला नवरा २०१० मध्ये वारला, तेव्हा मुलगा जेमतेम काही महिन्यांचा होता. बाळाला घेऊन ती माहेरी आली, पुढे तिने दुसरं लग्न केलं. मुलगा दहा वर्षांचा होईपर्यंत वडिलांकडच्या आजी-आजोबांशी त्याची गाठभेट झालेली नव्हती. ते दोघे मुंबईत येतील तेव्हा त्यांना नातवाला भेटू द्यावं, असा आदेश कुटुंब न्यायालयाने दिला आणि त्याविरुद्ध आई उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं ऐकणाऱ्यालाही पटावं असं होतं. सासरच्यांनी आपल्याला नीट वागवलं नाही, मुलगा त्यांना ओळखतही नाही, मग आता ही भेट कशाला?

न्यायमूर्ती एस. जे. काथावाला आणि बी. पी. कुलाबावाला यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. मुलगा आजी-आजोबांना कधी भेटला नाही, हे भेट नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही; उलट इतकी वर्षं त्यांना नातवापासून लांब ठेवलं गेलं, एवढंच त्यातून दिसतं, असा न्यायालयाचा रोख होता. सासरच्यांशी सुनेचं पटत नाही, हेही कारण पुरेसं ठरलं नाही.

या निकालाची बातमी नाशिकमध्येही वाचली गेली. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांमध्ये मुलाचा संसार मोडल्यामुळे नातवंडं दुरावलेली चार-दोन घरं सहज निघतील. अशा घरात ही बातमी ‘आता कायदा आपल्या बाजूने आहे’ अशा अर्थाने वाचली जाते. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं नाही, तर वकिलाची फी, प्रवास आणि दोन-तीन वर्षं खर्च होऊनही हाती काही लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ‘आजी-आजोबांना नातवंडांना भेटण्याचा हक्क आहे’ असं वाक्य भारतातल्या कुठल्याही केंद्रीय कायद्यात नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात नातू-नातीचा उल्लेख आहे म्हणून काही जण आशेने तो उघडतात. पण तो कायदा निर्वाहखर्चाचा आहे आणि त्यातल्या ‘मुलं’ या व्याख्येतून अज्ञानांना, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांना, स्पष्टपणे वगळलेलं आहे. सहा वर्षांच्या नातीचा त्याच्याशी संबंध नाही.

मग न्यायालय आदेश देतं ते कशाच्या आधारावर? तीन कायदे एकत्र वाचावे लागतात. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा मुलाच्या कोणत्याही नातेवाइकाला पालकत्वासाठी अर्ज करू देतो. पालक ठरवताना कलम १७ प्रमाणे मुलाचं वय, नात्याची जवळीक आणि अर्जदाराचे मुलाशी आजवरचे संबंध पाहिले जातात. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा सांगतो की, मुलाचं हित सर्वांत वर. आणि १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातल्या कलम ७ मध्ये, या न्यायालयापुढे कोणती प्रकरणं चालतील ते सांगताना, पालकत्व आणि ताबा यांच्या जोडीला मुलाच्या भेटीचाही उल्लेख आहे. ही भेट फक्त आई-बापानेच मागावी, असं तिथे म्हटलेलं नाही. आजी-आजोबांचा अर्ज दाखल होतो तो याच फटीतून.

मात्र या तिन्ही कायद्यांच्या मध्यभागी मूल आहे. ‘आम्ही त्याचे आजी-आजोबा, म्हणून आम्हाला भेट द्या’ एवढ्याने न्यायाधीशांचं समाधान होत नाही. या भेटीतून मुलाला काय मिळणार, हा त्यांचा प्रश्न असतो. नातवंड म्हणजे दुधावरची साय हे खरं असलं, तरी पुरावा म्हणून ती दाखल करता येत नाही.

आजी-आजोबांच्या भेटीच्या प्रश्नाचं मुंबईपेक्षा अगदी उलटं उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिलं होतं. ‘ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल’ या खटल्याची हकिगत मुंबईच्या खटल्याशी चकित व्हावं इतकी जुळते. वॉशिंग्टन राज्यातल्या दोन मुलींचे वडील १९९३ मध्ये गेले, आईने पुढे दुसऱ्याशी लग्न केलं. वडिलांच्या आई-वडिलांना दर महिन्याला दोन शनिवार-रविवार मुक्कामासह आणि उन्हाळ्यात दोन आठवडे मुली हव्या होत्या. आई भेटीला नाही म्हणत नव्हती. महिन्यातून एकदा, थोडा वेळ, मुक्काम नाही, एवढं तिला मान्य होतं. खालच्या न्यायालयाने सुवर्णमध्य काढला. महिन्यात एक शनिवार-रविवार, उन्हाळ्यात एक आठवडा आणि आजी-आजोबांच्या वाढदिवशी चार-चार तास. सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्दबातल ठरवला. आई मुलांचं नीट करते आहे ना, मग मुलांनी कोणाला किती भेटायचं हे आधी तिनेच ठरवायचं. तिच्या निर्णयाला न्यायाधीशाने खास वजन द्यायला हवं, असं त्या निकालाचं सार.

फ्रान्सचा नागरी कायदा दुसऱ्या टोकाला आहे. आजी-आजोबांशी संबंध ठेवण्याचा हक्क तिथे मुलाला दिलेला आहे आणि मुलाच्या हिताखेरीज दुसरं कोणतंही कारण त्याच्या आड येऊ शकत नाही. आपली न्यायालयं बोलतात फ्रान्ससारखी, पण तसं कलम त्यांच्या हाताशी नाही. म्हणून प्रत्येक प्रकरण सुटं असतं, आणि एका घराला मिळालेला आदेश दुसऱ्या घराला मिळेलच असं सांगता येत नाही.

आता इंदिरानगरमधलं एक कल्पित घर घेऊ. आजी-आजोबा सत्तरीच्या आसपास. मुलगा, सून आणि नात लग्नानंतर पाच वर्षं त्यांच्याकडेच राहिले. नातीला बालवाडीत सोडणं-आणणं आजोबांकडे, दुपारचं जेवण आजीकडे. मग खटके उडाले, सुनेने पुण्यात नोकरी धरली आणि ती मुलीला घेऊन तिकडे गेली. घटस्फोटाचा दावा नाशिकच्या कुटुंब न्यायालयात सुरू आहे. नात आता सहा वर्षांची आहे, पुण्यातल्या शाळेत पहिलीत जाते. आजोबांनी फोन केला तर उचलला जात नाही.

मुंबईच्या खटल्यात आणि या घरात एक मोठा फरक आहे. इथे मुलगा हयात आहे, आणि सगळा पेच तिथेच पडतो. आजी-आजोबा स्वतंत्रपणे न्यायालयात गेले, तर पहिला प्रश्न हाच येणार की, मुलीचे वडील भेट मागताहेत ना, मग त्यांच्या भेटीच्या वेळेत तुम्हीही भेटा. बापाला महिन्यातले दोन शनिवार मिळाले असतील, तर त्यातला काही वेळ आजी-आजोबांचा, हा सर्वांत सोपा तोडगा असतो. त्यात अन्यायही नाही. आई, वडील, वडिलांकडचे आजी-आजोबा, आईकडचे आजी-आजोबा अशा प्रत्येकाला मुलाचा एकेक स्वतंत्र शनिवार वाटून दिला, तर मुलाला स्वतःचा म्हणून सुट्टीचा दिवस उरणार नाही.

हा तोडगा कोलमडतो तो मुलगा आपली वेळ वापरत नाही तेव्हा. कधी तो परदेशात असतो, कधी त्याने दुसरा संसार थाटलेला असतो, कधी पोटगीच्या रागापोटी तो भेटीचा अर्जच करत नाही. बाप मागतच नाही, मग त्याच्या आई-वडिलांना कशासाठी, असं सुनेचे वकील विचारतात आणि त्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा असतो. अशा वेळी आजी-आजोबांचा स्वतंत्र अर्ज अर्थपूर्ण ठरतो, पण नातीशी त्यांचं स्वतःचं वेगळं नातं होतं, हे त्यांना दाखवावं लागतं. शाळेच्या ओळखपत्रावर ‘घेऊन जाणारी व्यक्ती’ म्हणून आजोबांचं नाव, लसीकरणाच्या कार्डावरच्या तारखांना दवाखान्यात कोण गेलं होतं, जुने फोटो, सोसायटीतल्या शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र असले साधे कागद इथे उपयोगी पडतात. सुनेच्या वागण्याबद्दलची वीस पानं अशा अर्जात नुसती निरुपयोगी नसतात, ती घातक असतात. हे लोक मुलीपुढे तिच्या आईबद्दल काय बोलतील, याचा अंदाज न्यायाधीश त्या वीस पानांवरूनच बांधतात.

अर्ज कुठे करायचा, यावर अनेकांचा पहिलाच घोटाळा होतो. घटस्फोट नाशिकला चालू आहे, आजी-आजोबा इंदिरानगरला राहतात, म्हणजे नाशिकच, असं वाटतं. पण पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो. नात पुण्याच्या शाळेत रुळली असेल, तर आजी-आजोबांचा स्वतंत्र अर्ज पुण्याला. मुलाने नाशिकच्याच दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली भेट मागितली आणि त्या अर्जात आपल्या आई-वडिलांचाही उल्लेख केला, तर मात्र गाडी नाशिकला चालू शकते. महाराष्ट्रातल्या कुटुंब न्यायालयांत ताबा आणि भेटीच्या मूळ अर्जांना ‘डी पिटिशन’ म्हणतात. मूळ अर्जाचा निकाल लागायला वेळ जातो, म्हणून त्याच्या जोडीला अंतरिम भेटीचा अर्ज देतात आणि बहुतेक घरांचं भवितव्य या अंतरिम अर्जावरच ठरतं. तो आदेश पटला नाही, तर नेहमीचं अपील सहसा चालत नाही. रिट याचिका करून उच्च न्यायालयात जावं लागतं.

अर्जावर थेट सुनावणी होण्याआधी प्रकरण न्यायालयाच्या विवाह समुपदेशकाकडे जातं. समुपदेशक दोन्ही बाजूंशी बोलतात, मुलाशी वेगळं बोलतात आणि अहवाल देतात. सहा वर्षांच्या मुलीला ‘तुला आजी हवी का?’ असं सरळ कोणी विचारत नाही. नाशिकचं घर कसं होतं, तिथे दुपारी काय करायचीस, असं बोलत बोलत अंदाज घेतला जातो. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा विचारात घ्यावी, असं कायदाच सांगतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा त्याच्या वडिलांना देणारा आदेश फिरवला होता. आईच्या हुंडाबळीच्या प्रकरणात ते वडील आरोपी होते आणि मुलगा आईच्या आई-वडिलांकडे वाढत होता. न्यायमूर्तींनी त्या मुलाशी स्वतः बोलून त्याची इच्छा जाणून घेतली होती. मात्र मुलाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द असतील, तर तेही लगेच कळतं. ‘माझ्या मनावर परिणाम होतो’ असं वाक्य सहा वर्षांचं मूल स्वतःहून बोलत नाही.

पहिल्या भेटी सहसा न्यायालयाच्या आवारात, मुलांसाठी राखलेल्या खोलीत होतात. वेळ तासाभराची किंवा दोन तासांची. खोलीत थोडी खेळणी, एखादी घसरगुंडी, भिंतीवर कार्टूनची चित्रं आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेले कर्मचारी. आई मुलीला आणून सोडते आणि बाहेर बाकावर बसून राहते. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, याची नोंद होते. पहिल्या भेटीत नात आजीजवळ येतच नाही, असं पुष्कळदा घडतं. वर्षभराने पाहिलेली आजी, अनोळखी खोली आणि दाराबाहेर ताणलेला आईचा चेहरा, एवढं सगळं त्या मुलीला एकदम सांभाळायचं असतं. इथे आजी रडली किंवा ‘आईने काय शिकवलंय तुला?’ असं म्हणाली, तर पुढच्या तारखेला त्याची किंमत मोजावी लागते. रंगीत खडू आणून नातीशेजारी मुकाट्याने चित्र काढत बसणारे आजोबा तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत बरेच पुढे गेलेले असतात.

काय मागावं, यालाही महत्त्व आहे. महिन्यातून दोनदा मुक्कामासह भेट, संपूर्ण दिवाळी आणि अर्धी मेची सुट्टी अशी यादी पाहिली की आई घाबरते आणि न्यायाधीशही सावध होतात. नाशिक-पुण्याचं अंतर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. सत्तरीच्या माणसांना दर आठवड्याला ते झेपणारं नाही आणि नातीला तर नाहीच. महिन्यातून एक शनिवार पुण्यातच, सकाळी अकरा ते एक; आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल; सहा महिने नीट गेले तर पूर्ण दिवस; आणि मुक्कामाचा विचार त्यानंतर. अशी पायऱ्यापायऱ्यांची मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त. व्हिडिओ कॉलला तर सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. जानेवारी २०२० मधल्या एका निकालात न्यायालयाने, प्रत्यक्ष भेटीखेरीज फोन आणि व्हिडिओ कॉलवरचा संपर्कही मुलासाठी महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. ते प्रकरण आई-वडिलांमधलं होतं, पण इंदिरानगरहून पुण्याला दर आठवड्याला जाऊ न शकणाऱ्यांना ते चांगलं उपयोगी पडतं.

न्यायालय नाही कधी म्हणतं? मुलाच्या सुरक्षिततेची शंका असेल तेव्हा, हे उघड आहे. सुनेने छळाची फिर्याद दिलेली असेल आणि त्यात सासू-सासरेही आरोपी असतील, तर प्रकरण अवघड होतं. पण केवळ फिर्याद आहे म्हणून दार कायमचं बंद होतं, असं नाही. अशा वेळी भेट न्यायालयाच्या आवारात, देखरेखीखाली ठेवली जाते. आजी-आजोबा भेटीच्या आडून ताबाच मागताहेत असा वास आला, तर मात्र नकार बहुधा ठरलेला.

भेट आणि ताबा यांतलं हे अंतर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फार स्पष्ट केलं. सरोगसीतून जन्मलेल्या जुळ्यांपैकी एक मुलगा जन्मापासून ७४ वर्षांच्या आजीकडे वाढत होता. दुसरं भावंड आजारी असल्याने आई-वडिलांकडे होतं. पाच वर्षांनी वडिलांनी मुलाला परत मागितलं, आजीने नकार दिला. न्यायमूर्ती रवींद्र घुगे आणि गौतम अंखड यांच्या खंडपीठाने मूल आई-वडिलांकडे सोपवायला सांगितलं. आजीचा लळा कितीही खरा असला, तरी जन्मदात्यांपेक्षा वरचढ असा ताब्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पाच वर्षं आंघोळ-जेवण करणाऱ्या आजीसाठी हे क्रूर वाटतं, आणि तसं वाटणं चूकही नाही. पण आई-वडील सक्षम असताना नियम हाच आहे. आई-वडील दोघेही नसतील, तर चित्र बदलतं. गुजरातमध्ये कोविडने आई-वडील गमावलेल्या एका लहान मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मावशीऐवजी वडिलांकडच्या आजी-आजोबांना दिला होता.

हा सगळा कारभार एखाद्या कलमात बांधावा, असा प्रयत्न झालेला आहे. न्यायमूर्ती ए. पी. शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये ताबा आणि पालकत्वावरचा २५७ वा अहवाल दिला. संयुक्त ताब्याच्या शिफारशीबरोबरच आजी-आजोबांच्या वेळेसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं त्यात सुचवली होती. त्यांचा कायदा झालेला नाही.

तोवर सर्वांत स्वस्त उपाय घटस्फोटाच्या कागदातच आहे, आणि नेमका तोच राहून जातो. परस्परसंमतीने वेगळं होताना दोघे मिळून ‘कन्सेंट टर्म्स’ लिहितात. पोटगीचा आकडा, दागिन्यांची यादी, फ्लॅट कोणाचा, बापाची भेट किती वाजता, हे सगळं त्यात येतं. आजी-आजोबांबद्दल कोणी बोलतच नाही, कारण त्या टेबलावर ते नसतात. ‘वडील परगावी किंवा परदेशी असतील तेव्हा त्यांच्या भेटीच्या वेळेत मुलीचे आजी-आजोबा तिला भेटू शकतील, आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल होईल’ ही दोन वाक्यं तिथे घातली, तर पुढचा स्वतंत्र अर्ज बहुतेक वेळा टळतो. आईकडचे आजी-आजोबा आणि वडिलांकडे राहणारं मूल असं उलटं असेल, तरी तीच वाक्यं चालतात. मुलगा असो की मुलगी, सह्या करण्याआधी त्यांच्या वकिलाला हे सांगायला घरातल्या मोठ्यांनी संकोच करू नये.

आदेश मिळाल्यावर तो पाळला गेला नाही तर? १८९० च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये, न्यायालयाने सांगूनही मूल हजर न करणाऱ्याला १०० रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही ऐकलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १० रुपयांपर्यंत, पण एकूण ५०० रुपयांच्या वर नाही. त्या काळी ही रक्कम जड असेल. आज पुण्यात भेटीला जाऊन येण्याचं भाडंही त्यात निघत नाही. त्याच कलमात दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण मुलाच्या आईला तुरुंगात पाठवून मुलाचं हित कसं साधणार, म्हणून तिथवर सहसा कोणी जात नाही. न्यायालय अवमानाची समज देतं, हुकलेल्या भेटी भरून द्यायला सांगतं, समुपदेशकाकडे पुन्हा पाठवतं, आणि आई वारंवार आदेश डावलते आहे असं दिसलं तर ताब्याच्या मूळ प्रश्नात ते तिच्याविरुद्ध धरलं जाऊ शकतं. त्यासाठी हुकलेल्या प्रत्येक भेटीची नोंद हवी. कोणत्या शनिवारी किती वाजता आजी-आजोबा ठरलेल्या जागी हजर होते, किती वेळ थांबले, आईला पाठवलेला मेसेज काय होता आणि त्याला उत्तर आलं का, हे पुढच्या तारखेला कागदावर मांडता आलं पाहिजे.